पाव ब्रास वाळू

मंगळवार, रात्र. हाताला सिमेंटची आग सुटलीय, खोबरेल चोळून लिहितोय.

परवा मामाने विचारलं, "ह्या खोलीच्या गिलाव्याला वाळू किती लागंल?" खोली १० बाय १२, उंची १०, विटांचं बांधकाम. मी टेप काढायला गेलो, तर तो म्हणाला, टेप राहू दे, आधी भिंत बघ. एका टोकाला मला दोरी धरायला लावली, दुसरं टोक त्याच्या हातात. आतल्या बाजूला मधोमध दोरी आणि विटेत चांगलं बोट जाईल एवढी फट पडली. नऊ इंची भिंत बांधताना एकच बाजू सुतात येते, दुसरीकडे विटा आतबाहेर राहतात आणि ते सगळं गिलाव्यालाच भरून काढावं लागतं. आमच्या वाट्याला नेमकी ती खडबडीत बाजू आली होती.

मग त्याने बोटांवर हिशेब केला. "शंभर फुटाला एक गोणी, पाच फूट वाळू. चारशे फूट धर. पाव ब्रास सांग." ब्रास म्हणजे १०० घनफूट, पाव म्हणजे २५. पण शंभराला पाच, तर चारशेला वीसच होतात. वरचे पाच कुठून आले? विचारलं, तर म्हणाला, "तू मांड की तुझं गणित."

रात्री वहीत मांडलं. चार भिंतींची बेरीज ४४ फूट, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की उरले ४०३. अर्धा इंच जाडीने साधारण १६.८ घनफूट माल. सांधे, खड्डे आणि भिंतीचं पोट ह्यांचे २० टक्के धरले की झाले २०. हा ओला माल. पाणी पडलं की सिमेंट वाळूच्या फटींत शिरतं आणि ढीग बसतो, म्हणून कोरा माल १.३ पट घ्यायचा, म्हणजे २६ घनफूट. एकास चारच्या प्रमाणात त्यातलं सिमेंट ५.२ आणि वाळू जवळपास २१. गोणीत १.२५ घनफूट सिमेंट धरलं तर चार गोण्या नि वर थोडं. मामाचा 'शंभराला एक गोणी, पाच फूट' हा ठोकताळा इथे इतका चपखल बसला की मी गणित पुन्हा तपासलं. पण २१ आले, २५ नाही. म्हटलं, मामाने वाळूवाल्याची सोय पाहिली.

सकाळी वाळू आली ती रात्रीच्या पावसाने भिजलेली. मामाने काचेची सरळ बरणी मागवली. त्यात वाळू भरून पट्टीने मोजायला लावली, १५ सेंटिमीटर. ती काढून बरणी अर्धी पाण्याने भरली आणि तीच वाळू ढवळत परत आत टाकली. बसली तेव्हा १२. दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो, म्हणून ती फुगते. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण बुडालेली वाळू मात्र फुगत नाही. इथे १२ वर ३ म्हणजे पाव हिस्सा फुगवटा. २१ च्या जागी २६ मापावी लागणार.

आमच्या घमेल्याने एक गोणी सिमेंट तीन घमेली भरतं, तेव्हा एकास चारला १२ घमेली वाळू. मामाने १५ टाकायला लावली. मी १२ च टाकली असती तर माल सिमेंटला जास्त झाला असता आणि वाळताना भिंतीवर बारीक तडे उठले असते. मी तसे तडे पाहिलेत, पण नेहमी वाटायचं की पाणी मारायला कमी पडलं. तेही कारण असतंच म्हणा.

आज चौथी गोणी चालू असताना वाळू संपत आली. खिडकीखालचा नि कोपऱ्यातला मिळून तीसेक फुटांचा पट्टा राहिला, आणि त्याला पाच घमेली वाळू कमी. शेजारच्या कामावरून मागून आणली. मामा काहीच बोलला नाही, थापी धुवत बसला.

मी चाळणीमागे पडलेली खडी घमेल्यात भरून पाहिली. दोन घमेली. पाव ब्रासात ६० घमेली, त्यातली दोन ही. उरली ५८. हवी होती ६३. कमी पडलेल्या पाचातली तीन आपल्या २५ आणि २६ मधली. खडी मात्र माझ्या वहीत नव्हती, आणि मामाच्या बोटांवरही नव्हती. वहीत आता एक ओळ वाढवली आहे. उद्या बाहेरच्या भिंतीला दोरी लावायची आहे.