रिक्षाच्या पाठीवरचा क्यूआर

इथे डब्लिनला बसस्टॉपवर उभं राहून जाहिराती वाचणं हा माझा ठरलेला टाइमपास, पावसात दुसरं करणार तरी काय. काल एकीवर क्यूआर कोड दिसला, चांगला वीतभर, आणि एकदम पुण्यातली आमची जुनी टीम आठवली.

घरगुती डबे पोचवणारं अ‍ॅप होतं आमचं. तेव्हाची इंटर्न म्हणाली, रिक्षांच्या पाठीवर फक्त "आज पण पिठलंच का?" एवढंच लिहू आणि खाली क्यूआर, नाव-लोगो काहीच नको, लोक उत्सुकतेनेच स्कॅन करतील. सगळे खूश. आर्टवर्क मी केलं आणि वाक्य मोठं दिसावं म्हणून कोड केला ६ सेंटीमीटरचा 🙈 लॅपटॉपच्या स्क्रीनवर स्कॅन करून बघितला, पटकन झाला, मग काय, ४० रिक्षांवर स्टिकर लागले.

आठवड्यात ११ स्कॅन. त्यातले ७ तर स्टिकर लावले त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये आम्हीच केलेले!

सरांना वाटलं वाक्यच पडलं. ती मात्र मेजरिंग टेप घेऊन नळस्टॉपच्या सिग्नलला जाऊन उभी राहिली. परत येऊन सांगते, मागच्या स्कूटरवाल्याचे डोळे आणि रिक्षाची पाठ यात जवळजवळ ३ मीटर अंतर आहे. आता क्यूआरचा ढोबळ हिशोब असा की जितक्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा तरी कोड हवा, म्हणजे इथे ३० सेंटीमीटर. आमचा ६ चा चालणार ६० सेंटीमीटरवरून, तेवढं जवळ जायचं तर स्कूटर रिक्षात घुसवावी लागेल. त्यात आम्ही भलीमोठी लिंक टाकलेली, लिंक जितकी लांब तितके कोडमधले चौकोन जास्त आणि बारीक, म्हणजे अजूनच अवघड. आणि मुळात हेल्मेट घातलेला माणूस सिग्नल सुटायच्या आत खिशातून फोन काढेल, हे आमच्यापैकी कुणाला कसं वाटलं देव जाणे. आम्ही सगळे रोज त्याच सिग्नलला उभे असायचो की!

सर गप्प झाले, मीही. आयडिया तिची होती पण ६ सेंटीमीटर माझे होते, ते मी मीटिंगमध्ये बोलून टाकलं.

मग लिंक छोटी केली, तोच ६ चा कोड, खाली यावेळी अ‍ॅपचं नाव, आणि स्टिकर रिक्षाच्या आत, ड्रायव्हरच्या सीटमागे, बसलेल्याच्या गुडघ्यांसमोर. आधी फक्त ५ रिक्षा, आणि त्या पाचांतही आम्ही स्वतः बसून, हलत्या रिक्षात स्कॅन करून बघितलं. आठवड्यात ६३ आले. फार नाहीत, पण यावेळी आमचे आम्ही धरले नव्हते.

कालच्या पोस्टरचा फोटो तिला पाठवला. लगेच रिप्लाय, "किती लांब उभा आहेस?"