दुधाच्या पातेल्यातील काचेची चकती

माझी मावसबहीण फ्रान्समधील लियाँ येथे भाड्याच्या घरात राहते. तेथील स्वयंपाकघराच्या खणात तिला जाड काचेची एक चकती सापडली, जिच्यावर ना नाव होते, ना शिक्का. तिने पाठवलेल्या छायाचित्रावरून शोध घेतला, तर राखदाण्या आणि मेणबत्तीच्या बशाच समोर आल्या (पारदर्शक काचेचे छायाचित्र फारसे काही सांगत नाही), म्हणून मी तिला फोनवर तो आकार शब्दांत सांगायला लावला.

चकती तळहाताएवढी, एका बाजूने जवळजवळ सपाट आणि दुसऱ्या बाजूला सभोवार उंचावलेला काठ असलेली होती, आणि त्या काठाला एके ठिकाणी खाच होती. ती काच फुटून तर पडली नाही ना, हे मी तिला नखाने तपासायला सांगितले. कडा गुळगुळीत लागल्या, म्हणजे खाच मुळातलीच होती. उपयोगाविषयी घरमालकीणबाईंनी ‘दुधासाठी’ एवढेच सांगून पातेल्यात काही सोडल्यासारखी खूण केली होती. लोणच्याच्या बरणीत भाज्या रसाखाली दाबून ठेवण्यासाठी काचेची वजने मिळतात, त्यांचाही विचार मी केला; परंतु त्यांना पकडायला वर खुंटी किंवा खोबण असते आणि अशा खाचेचे त्यांना काही काम नसते. काठाखाली पोकळी आणि तिला एकच वाट, ही रचना वाफ साठवून सोडण्यासाठीच असणार, असे मला वाटले.

तिने थंड दुधात काठ खाली करून चकती ठेवली आणि मग आच लावली. थोड्या वेळाने चकती तळाशी खडखडू लागली. दूध तापताना लहान बुडबुडे प्रथिनांमुळे टिकून राहतात, त्यांचा फेस साचतो आणि दूध उतू जाते. येथे मात्र वाफ चकतीखाली जमून मोठ्या बुडबुड्यांनी बाहेर पडते, दूध ढवळते आणि वरचा फेस मोडते.

फ्रान्समध्ये ही वस्तू ‘अँती-माँत-ले’ या नावाने विकली जाते, तर इंग्रजीत ‘मिल्क वॉचर’ किंवा ‘पॉट माइंडर’ म्हणून. ती चिनीमातीची आणि स्टीलचीही मिळते. आपल्याकडे ‘मिल्क बॉयलर’ असे शोधल्यास शिट्टीचे दुहेरी भांडे समोर येते, जे अगदी वेगळे आहे.

बासुंदीसाठी ती चालेल का, असे बहिणीने विचारले, तेव्हा मी नको म्हणालो, कारण दूध आटून दाट झाले की ते चकतीखाली धरते आणि करपते. गोल बुडाच्या कढईत ती नीट बसत नाही, आणि पातेले काठोकाठ भरून आच मोठी ठेवली तर चकती असूनही दूध उतू जाते. शिवाय काचेची चकती उकळत्या दुधात मध्येच टाकू नये, ती तडकू शकते.