जाड लेपाची किंमत

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची बॅटरी पॅक जुळवणारी छोटी कार्यशाळा आहे. डिसेंबरात निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराने पाठीवरच्या फवारणी ब्लोअरचा पॅक परत आणला. नव्या पॅकमधले सेल ३.५ अँपिअर-अवरचे, जुन्यातले २.५ चे, आकार तोच, १८६५०. बावीस-तेवीस मिनिटांची अपेक्षा असताना यंत्र पहाटेच्या थंडीत बारा-तेरा मिनिटांतच बंद पडत होते. ब्लोअर बनवणाऱ्याच्या खरेदी विभागाने फक्त क्षमतेचा रकाना पाहिला होता, आणि हे मला वारंवार दिसते.

आमच्या एक किलोहर्ट्झच्या मीटरवर सेल निर्दोष ठरले. मीटर खोटे सांगत नव्हता. पण तो फक्त तत्काळ जाणवणारा रोध मोजतो. म्हणून प्रत्येक सेलवर ९ अँपिअरचा भार ठेवून व्होल्टेजचा आलेख काढला. पहिली घसरण साधारण होती, परंतु त्यानंतर व्होल्टेज मिनिटागणिक खचत गेले आणि ३ व्होल्टला पॅकचे रक्षण करणाऱ्या सर्किटने, म्हणजे बीएमएसने, पुरवठा तोडला. तासाभराच्या विश्रांतीनंतर तेच सेल पुन्हा वर आले आणि अगदी कमी प्रवाहावर उरलेला साठा निमूटपणे देऊन गेले. ऊर्जा आत होती, पण वेळेवर बाहेर येत नव्हती.

दोन्ही प्रकारचे सेल पूर्ण रिकामे करून ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडले. नव्या सेलची कॅथोड पट्टी, म्हणजे धातूचे फॉइल, दोन्ही बाजूंच्या लेपासह, सुमारे १६५ मायक्रॉन जाड भरली. जुन्याची जेमतेम ९५. मात्र जुनी पट्टी कितीतरी लांब होती. पातळ लेपामुळे त्याच डब्यात जास्त लांबी गुंडाळता येते, क्षेत्रफळ वाढते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला कमी प्रवाह येतो. त्या बदल्यात फॉइल आणि सेपरेटर जास्त जागा खातात, आणि ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थाला कमी जागा उरते. जाड लेपात हा हिशेब उलटतो, पण लिथियम आयनांना छिद्रांतल्या इलेक्ट्रोलाइटमधून फॉइलपर्यंत खोल जावे लागते. जाडी दुप्पट झाली की त्या विसरणाला चौपट वेळ लागतो. मोठ्या प्रवाहात खोलवरच्या इलेक्ट्रोलाइटमधले आयन संपत येतात आणि फॉइलजवळचा लेप असून नसल्यासारखा होतो. थंडीत इलेक्ट्रोलाइट मंदावतो, त्यामुळे निफाडच्या पहाटेने हा दोष अधिक ठळक केला, एवढेच.

पॅकमध्ये सहा समांतर ओळी होत्या. त्या नऊ केल्या तर एका सेलवर ६ अँपिअर येतील, जाड लेपालाही ते झेपेल आणि वेळ अर्ध्या तासावर जाईल. पण सेलचे वजन दीडपट होईल. मी हे सुचवले. ब्लोअर बनवणाऱ्याला ते पटले. बागायतदाराने मात्र पॅक पाठीवर घेऊन पाहिला, आणि जुने २.५ चेच सेल बसवून द्या, असे सांगितले.