आमची वाटचाल : तीन पेट्या आणि एक नळी

आमचा व्यवसाय एका वाक्यात सांगायचा तर घरी कॉफी भाजणाऱ्यांसाठी आम्ही दाणे थंड करायची पेटी बनवतो. मी, माझा धाकटा दीर आणि दोन मदतनीस. दिराचा हात पत्र्याच्या कामात बसलेला, माझा कॉफीत. पेटी विकायची असं सुरुवातीला आमच्या डोक्यातही नव्हतं. मला फक्त माझी कॉफी बिघडायची थांबवायची होती.

तेव्हा मी लोखंडी कढईत २५० ग्रॅम हिरवे दाणे भाजत असे. पहिली तडतड साधारण २०० अंशांच्या आसपास सुरू होते. त्यानंतर दीड मिनिटाने, हवा तो रंग आला की गॅस बंद करून दाणे परातीत ओतायचे, असा माझा क्रम होता. रंग दर वेळी मनासारखा दिसायचा. दुसऱ्या दिवशी मात्र तेच दाणे एक छटा गडद झालेले असत, काहींवर तेलाचे ठिपके असत आणि चव सपाट, कडवट लागे. मी भाजण्याची वेळ कमी करत गेले, तर कॉफी कच्ची, आंबट लागू लागली.

शेवटी परातीतल्या ढिगात मधोमध तापमापक खोचून बसले, तेव्हा उलगडा झाला. वरचे दाणे हाताला कोमट लागत होते, पण ढिगाच्या पोटात पाच मिनिटांनंतरही पारा शंभराच्या वर होता. गॅस बंद केल्यावर भाजणं थांबतं, हा माझा समज चुकीचा होता. दाण्याच्या आत साठलेली उष्णता आणि खालच्या जाड परातीची ऊब मिळून ढीग आपला आपण शिजत राहतो. म्हणजे तडतडीनंतर मी भाजत होते दीड मिनिट आणि माझी परात पुढची कित्येक मिनिटं.

यावर पहिला उपाय साधा होता. स्टीलच्या दोन चाळण्या घ्यायच्या, दाणे एकीतून दुसरीत ओतत राहायचे आणि बाजूला टेबलफॅन लावायचा. तो चालतोही. दाणे तीन-चार मिनिटांत हाताला थंड लागतात. ज्यांना पेटी घ्यायची नाही त्यांना मी अजूनही हेच सांगते. फक्त चाळणी धातूची आणि पातळ हवी, प्लास्टिकची अजिबात नको. आणि दाणे फ्रीजमध्ये ठेवू नका. गरम दाण्यांभोवतीची दमट हवा तिथे पाणी होऊन त्यांच्यावरच बसते.

अडचण थंड होण्याची नव्हती, फोलपटांची होती. कॉफीच्या दाण्यावर एक पातळ रुपेरी पापुद्रा असतो. भाजताना दाणा फुगला की तो सुटतो. फळासकट वाळवलेल्या दाण्यांना तो जास्त चिकटलेला असतो, धुऊन वाळवलेल्यांना कमी. हे फोलपट कागदाहूनही हलकं असतं. पंख्यासमोर चाळण्या हलवल्या की ते ओट्यावर, पडद्यावर, मसाल्याच्या डब्यांच्या मागे जाऊन बसे. पाखडताना दाणे सुपात राहतात आणि कोंडा अंगणात जातो. माझं अंगण म्हणजे स्वयंपाकघरच होतं.

दिराने पहिली पेटी केली ती या पाखडण्याच्याच कल्पनेवर. खाली पंखा, वर जाळी, जाळीवर दाणे आणि हवा खालून वर. दाणे झकास थंड झाले, पण फोलपटं थेट छताला गेली. सोबत धूरही वर उडाला आणि खोलीभर पसरला. दीर म्हणाला, "वहिनी, उलटं करून बघू. हवा खाली ओढू."

दुसरी पेटी तशी केली. दाण्यांचा थर वर आणि पंखा खालून हवा ओढणारा. आता हवा खोलीतून येऊन दाण्यांमधून खाली जात होती, त्यामुळे धूर आणि फोलपटं दोन्ही तिच्याबरोबर खालीच उतरत. इथे एक गोष्ट शिकायला आम्हांला महिना लागला. आम्ही संगणकातला सपाट पंखा लावला होता. मोकळ्या हवेत तो जोरात वाहतो, पण वर तीन सेंटिमीटर दाणे आले की नुसता फिरत राहतो, हवा ओढतच नाही. दाण्यांचा थर हवेला अडवतो आणि त्या अडथळ्याविरुद्ध ओढायची ताकद सपाट पात्यांत नसते. गोल डब्यातला, मधून हवा घेऊन कडेने फेकणारा ब्लोअर लावला आणि तेच २५० ग्रॅम दाणे अडीच मिनिटांच्या आत चाळीस अंशांखाली आले.

मग घडला तो प्रकार, ज्यामुळे तिसरी पेटी झाली. जाळीखालून येणारी फोलपटं आम्ही पंख्याच्या आधी लावलेल्या बारीक जाळीवर अडवत होतो. एका संध्याकाळी मी लागोपाठ चार घाणे काढले आणि मधे जाळी साफ केली नाही. चौथ्या वेळी पेटी नेहमीसारखी घोंघावत होती, पण दाणे थंड होईनात. जाळीवर फोलपटांची नमद्यासारखी गादी बसली होती. हवा कमी, म्हणून दाणे गरम आणि जी थोडी हवा जात होती ती खूप तापलेली. मी पंखा बंद करून जाळी बाहेर ओढली आणि गादी कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात झटकली. दहा मिनिटांनी जळका वास आला. डब्याला तळाशी भोक पडलं होतं आणि कडा धुमसत होत्या.

झालं असं की कढईच्या तळाला जळत राहिलेली एक-दोन फोलपटं दाण्यांबरोबर पेटीत आली होती. ठिणगी डोळ्याला दिसेल एवढी मोठी नव्हती. पंख्याच्या हवेने ती फुंकली गेली, गादीत रुतली आणि सुक्या कोरड्या ढिगात हळूहळू पसरत राहिली. भुश्याच्या ढिगात विस्तव जसा आतल्या आत चालतो, तसाच हा प्रकार. त्यात ज्वाळा नसते, म्हणून घात होतो.

तेव्हापासून आमच्याकडे फोलपटं प्लास्टिकला लागत नाहीत. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात, वर थोडं पाणी शिंपडलं जातं आणि डबा रात्रभर बाहेर राहतो. व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका. त्याच्या पिशवीत ठिणगी गेली तर आमच्या डब्याचीच गोष्ट तिथे घडते, फक्त पंख्यासकट. थंड झालेली ओली फोलपटं झाडांच्या खतात छान मुरतात.

तिसऱ्या पेटीत फोलपटांसाठी पत्र्याचा खण आहे. हवा त्या खणात शिरली की जागा एकदम रुंदावते, वेग मंदावतो आणि फोलपटं आपोआप खाली बसतात. जाळीवर फार थोडी पोहोचतात. खण बाहेर असेल तर ब्लोअर सुरूच होत नाही, असा एक साधा स्विच दिराने बसवला. "रिकामा करायला काढलेला खण परत लावायला विसरणारच तुम्ही," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. खण दर घाण्यानंतर रिकामा करायचा. दोनानंतर नाही, दर वेळी.

आता धूर. सगळ्यात जास्त धूर दाणे ओतताना पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो आणि दुसऱ्या तडतडीच्या पुढे भाजलं तर तो कैक पट वाढतो. आमच्या पेटीने तो खाली ओढला, पण ब्लोअरच्या तोंडातून बाहेर काढला तो स्वयंपाकघरातच. म्हणून तोंडाला धातूची लवचीक नळी जोडली आणि ती खिडकीबाहेर नेली. ग्राहक विचारतात, नळी कशाला, घरात चिमणी आहे की. आधी ती चिमणी हवा बाहेर टाकते का ते बघा. बऱ्याच चिमण्या कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून पुन्हा खोलीतच सोडतात, त्यांच्याकडून हा धूर आवरत नाही. बाहेर टाकणारी असेल, तर तिच्या जाळीवर साचलेलं तेल आधी धुऊन काढा. तेलकट जाळी आणि उडतं फोलपट ही जोडी मला तरी नको.

नळी लावली तरी हवा आत यायला वाट लागते. सगळं बंद करून पंखा लावला तर तो हवा ओढायची कुठून? खिडकीच्या समोरच्या बाजूचं दार बोटभर उघडं ठेवा आणि त्या फटीत टिश्यूची पट्टी धरा. पट्टी आत झुकली तर प्रवाह बरोबर आहे. घरात गॅसचा गीझर किंवा धुराडं असेल तर ही फट फार महत्त्वाची. नाहीतर पंखा त्यांचाच वायू उलटा आत खेचतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असं धरून चालू नका. एका ग्राहकाने धुराच्या अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि ती काढायची आठवण त्यांना तीन आठवड्यांनी झाली. अलार्म वाजत असेल तर हवेची वाट सुधारा, अलार्म झाकू नका.

नॉनस्टिक भांड्यात भाजू नका हेही आम्ही पत्रकात छापतो. रिकामी राहिलेली किंवा फार तापलेली कढई लेपातून असे वायू सोडते, की घरातला पाळलेला पक्षी मरू शकतो.

आणि पत्रकाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत एक ओळ आहे, जी दिराने आग्रहाने घातली. दाणे पेटले असतील तर ते पेटीत ओतायचे नाहीत. पेटी म्हणजे ओढणारा पंखा आहे, ती ज्वाळेला हवा देईल आणि नळीत खेचेल. गॅस बंद करा, कढईवर धातूचं झाकण घट्ट ठेवा, पेटी बंद करा. ड्रमचं यंत्र असेल तर त्याची वीज तोडा आणि दार उघडू नका. उघडलं की आत हवा जाते. विजेच्या यंत्रावर पाणी ओतायचं नाही. आग झाकणाबाहेर आली तर अग्निशामक दलाला बोलवा आणि घराबाहेर पडा.

या पेटीची मर्यादा ३०० ग्रॅम आहे. लोक ५०० टाकतात आणि दाणे थंड होत नाहीत म्हणून फोन करतात. थर जाड झाला की ब्लोअर हरतो, हे दिरानेच मला शिकवलं होतं. मोठी पेटी करायची तर नुसतं ताट रुंद करून भागत नाही, ब्लोअर बदलावा लागतो, नळी जाड करावी लागते आणि मग खिडकीच छोटी पडते. सध्या कारखान्यात त्याचे दोन नमुने पडून आहेत. दुसऱ्याच्या खणात अजून फोलपटं नीट बसत नाहीत, म्हणून तो विकायला काढलेला नाही.