आमची वाटचाल : पिवळं कार्ड, पांढरं कार्ड

सूत्रसंचालन आणि निवेदनलेखनाचं आमचं काम साताऱ्यात सुरू झालं. स्नेहसंमेलनं, सत्कार, पतसंस्थांच्या सभा अशी पहिली वर्षं बरी गेली. मग एका मंडपवाल्याने मांडव-स्पीकरसोबत 'पाहुण्यांचा परिचय मोफत' सुरू केला आणि ऐन हंगामात आमची निम्मी कामं गेली. त्याचा परिचय म्हणजे पाहुण्यांकडून आलेला बायोडाटा, जसाच्या तसा. लोक त्याला आणि आमच्या लिखाणाला एकाच मापाने मोजत, हे मला आजही लागतं.

त्या काळात एका पतसंस्थेचे सचिव, आमचे अण्णा, आम्हाला सोडून गेले नाहीत. त्यांच्या रौप्यमहोत्सवाला प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांना पुढे दुसरा कार्यक्रमही होता. पाहुण्यांचा परिचय आम्ही दोन कार्डांवर लिहून देतो, एकावर छोटा, एकावर मोठा. अण्णांनी प्रास्ताविक आवरता आवरता निवेदिकेला छोट्याचं पिवळं कार्ड दाखवलं. परिचय मिनिटभरात संपला आणि पाहुण्यांना बोलायला वेळ उरला. सभागृहातल्या दोन संस्थांनी त्याच आठवड्यात फोन केला.

पिवळं म्हणजे छोटा परिचय, ऐंशी-नव्वद शब्दांचा. पांढरं म्हणजे मोठा, तीनशेच्या आसपास. व्यासपीठावर मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द सावकाश वाचून होतात. नव्या मुलांना आम्ही सरावाला जयंत नारळीकरांचा परिचय देतो. पिवळ्यावर एवढंच: खगोलशास्त्रज्ञ, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक, मराठी विज्ञानकथाकार, 2004 चे पद्मविभूषण. पांढऱ्यावर कोल्हापूरचा जन्म, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबतचं गुरुत्वाकर्षणावरचं संशोधन, 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. दोन्हींचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र एकच, म्हणजे पांढरं वाचताना मध्येच थांबावं लागलं तरी शेवट हाताशी असतो.

छोटा परिचय आधी लिहावा. मोठ्याला कात्री लावून केलेला छोटा हमखास फसतो. मोठ्यात 'त्याच संस्थेत पुढे ते संचालक झाले' असं वाक्य असतं. संस्थेचं नाव असलेलं आधीचं वाक्य काटलं की 'त्याच'ला आधारच उरत नाही. निवेदक तिथे अडखळतो, श्रोते एकमेकांकडे बघतात. हुद्दा, नावाचा उच्चार आणि 'माजी' लागतं की नाही, हे आदल्या दिवशी पाहुण्यांनाच फोन करून विचारावं.

कोणतं कार्ड वाचायचं हे यजमानांनी दीपप्रज्वलनानंतर ठरवावं, कारण तोवर उशीर किती झालाय ते कळतं. वेळ असला तरी प्रास्ताविकात कुणी पाहुण्यांचं अर्धं चरित्र सांगून टाकलं असेल, तर पिवळंच घ्यावं. आणि नको असलेलं कार्ड निवेदकाच्या हातातून तेव्हाच काढून घ्यावं. नवखा निवेदक गडबडीत दोन्ही वाचून मोकळा होतो.