रथसप्तमीच्या आत

सरांकडे वनस्पतिशास्त्रात पीएचडीला होते. दोन वर्षांनी नोकरी मिळाली आणि काम अर्धवट टाकून निघून गेले. "पुढच्या आठवड्यात येऊन भेटते" हे माझं शेवटचं वाक्य. त्याला नऊ वर्षं झाली.

गुरुपौर्णिमा दर वर्षी यायची, पण त्या दिवशी सरांना शेकडो मेसेज जात असणार, आणि अर्ध्यात सोडून गेलेल्या मुलीनं 'गुरुर्ब्रह्मा' पाठवायचं म्हणजे ढोंगच. संक्रांत मला सोयीची वाटली. 'गोड बोला' म्हणण्यातच इतके दिवस बोलणं नव्हतं याची कबुली आहे. शिवाय मुदत लांब असते, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे होते.

पहिला मसुदा दीड पानांचा झाला, त्यात घरच्या अडचणी, फेलोशिपची रखडलेली रक्कम, सगळं आलं. वाचून पाहिलं तर सरांनीच मला समजून घ्यावं अशी मागणी होती ती. खोडलं. उरलं ते असं: 'सर, मी तुमची २०१४ च्या बॅचची विद्यार्थिनी. तुमचं दहापट भिंग अजून माझ्याकडे आहे. संक्रांतीचं निमित्त करून द्यायला येऊ का? तुम्हाला जमेल तेव्हा.'

एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच. सर रागावलेत असं मी ठरवूनसुद्धा टाकलं. मग विभागातल्या जुन्या लॅब असिस्टंटना फोन केला. ते हसले. "अगं, तो नंबर कधीच बंद झालाय. घरी लँडलाइनवर लाव."

फोन काकूंनी उचलला. नाव सांगितल्यावर क्षणभर शांतता, मग म्हणाल्या, "ये, पण गूळ आणू नकोस. ह्यांची साखर वाढलीये." हे आधी विचारलं ते बरं झालं, नाहीतर अर्धा किलो वड्या घेऊन गेले असते. मग तिळाची चटणी केली. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंतच भाजले, जास्त भाजले की कडू होतात. लसूण, तिखट, मीठ घालून जाडसर कुटली.

सर बारीक झालेत. चटणीचा डबा उघडून त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "हे चालेल." मी माफीचं वाक्य पाठ करून गेले होते. "सर, तेव्हा मी न सांगता..." एवढंच म्हणू शकले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, सदऱ्याच्या कोपऱ्यानं काच पुसली आणि आतल्या खोलीत गेले.

परत आले तेव्हा हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वाळवलेलं रोप चिकटवलेलं हर्बेरियम शीट होतं. कासच्या पठारावरची सोनकी, लेबलवर माझं अक्षर.

"तारीख लिहिलेली नाहीस," सर म्हणाले. "कधी गोळा केली होतीस?"