अठरा वेळा म्हटलेलं एक वाक्य

वाक्य एवढंच होतं: "हजार विड्या वळून झाल्या की, मग चूल पेटायची."

सोलापुरात आवाज ध्वनिमुद्रित करायचं आणि ते साफसूफ करून द्यायचं काम मी करतो. बहुतेक जाहिराती, लग्नाच्या चित्रफिती, अधूनमधून एखादा माहितीपट. हे काम विडी कामगार बायकांवरच्या एका छोट्या श्राव्य कार्यक्रमाचं होतं. पूर्व भागात जोडबसवण्णा चौकाच्या मागच्या एका बोळात अक्कांचं घर. वय सत्तरीच्या पुढे, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मे महिना, पत्र्याचं छप्पर, आणि पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाही बंद. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा यंत्रमाग चालू होता. तो थांबवा म्हणायला जीभ उचलली नाही, कारण माग थांबला की त्याची मजुरीही थांबते.

गप्पांच्या ओघात अक्का हे वाक्य बोलल्या, तेव्हा नेमका बोळातून रिक्षाचा भोंगा वाजला. दिग्दर्शिका म्हणाली, "अक्का, परत एकदा?" त्या परत एकदाचे अठरा झाले. कधी नातू मध्ये बोलला, कधी अक्काच हसल्या, कधी शब्द पुढे-मागे झाले. दहाव्याच्या पुढे त्या बोलत नव्हत्या, पाठ म्हणत होत्या.

स्टुडिओत आल्यावर मी अठराही टेक एकाखाली एक लावले आणि पहिल्या फेरीत पडदा बंद करून नुसते ऐकले. आवाजाची लाट डोळ्यांसमोर असली की माणूस खरखर शोधत बसतो आणि बोलणं ऐकायचं राहून जातं. वहीत प्रत्येक टेकपुढे एकदोन शब्द लिहिले: "घाई", "वाचल्यासारखं", "छान पण भोंगा". सर्वांत स्वच्छ होता अकरावा, आणि तोच सर्वांत मेलेला. चौथ्यात "हजार"वर त्या अशा रेंगाळल्या होत्या की ती हजार मोजली गेल्यासारखी वाटत होती. पण पुढे "चूल" शब्दावर पुन्हा कुणाचा तरी भोंगा. सोळाव्यात सुरुवात कंटाळलेली, शेवट मात्र सुंदर. "पेटायची" म्हणताना ओठांवर आलेलं हसू ऐकू येत होतं.

म्हणजे सुरुवातीचा तुकडा चौथ्याचा, शेवटचा सोळाव्याचा. एक मोह टाळावा लागला. सतराव्या वेळी दिग्दर्शिकेनं त्यांना फक्त "मग चूल पेटायची" एवढंच बोलायला सांगितलं होतं. तो तुकडा निर्मळ होता, पण जोडून पाहिला तर दोन बायका बोलताहेत असं वाटलं. माणूस नव्यानं बोलायला लागतो तेव्हा सूर वर उचलतो आणि वाक्य पुढे जाईल तसा तो खाली येत जातो. वाक्याच्या मध्यात असा ताजा, उंच सूर घातला की सांधा लपत नाही. म्हणून शेवटचा तुकडा घ्यायचा तर तो पूर्ण वाक्य बोललेल्या टेकमधूनच घ्यावा लागतो. सोळावा तसा होता.

आता कापायचं कुठे? नेहमीची जागा म्हणजे क, त, प यांसारख्या अक्षराच्या अगदी आधी. ही अक्षरं उच्चारताना तोंड क्षणभर बंद होतं, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी शांतता पडते आणि मग आवाज फुटतो. त्या शांततेत कात्री चालवली की कुणाला कळत नाही. "झाल्या की" मधला "की" माझी वाटच पाहत होता. तिथे कापलं, दोन्ही टोकं पाच मिलिसेकंदांनी एकमेकांत विरघळवली. बोलणं एकसंध झालं. दिग्दर्शिकेला पाठवलं, तिलाही आवडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते अक्कांना ऐकवायला गेलो. त्यांनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"मध्येच मग्गम अडखळलं बघ."

मग्गम म्हणजे माग. मला वाटलं त्या शेजारच्या मागाबद्दल बोलताहेत. पण तो सुरळीत चालला होता. अडखळला होता माझ्या फाइलमधला. नवरा आयुष्यभर मागावर, घर मागाला लागून. त्यांच्या कानाला बोलण्याआधी मागाचा ठेका ऐकू आला. मी आवाज जोडला होता, त्यामागचा माग जोडलाच नव्हता.

परत येऊन मोजलं. मागाचा एक ठोका ते दुसरा ठोका, अंतर साधारण ०.५२ सेकंद. माझ्या सांध्यापाशी दोन ठोके ०.३ सेकंदांवरच पडले होते. गोंगाट कमी करणारं साधन इथे फारसं कामाचं नव्हतं. ते घरघर किंवा सूं असा सतत एकसारखा चालणारा आवाज ओळखून कमी करतं. ठोका मात्र क्षणात येतो, क्षणात जातो, आणि तो खरवडायला गेलं की अक्कांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

मग कात्रीची जागाच बदलली. "की" नंतर त्या थोडं थांबत. त्या थांबण्यात शब्द नसतो, फक्त माग असतो. चौथ्या टेकमध्ये "की" संपल्यावर ०.१२ सेकंदानं ठोका पडत होता. सोळाव्यात "मग" सुरू होण्याच्या ०.३० सेकंद आधी ठोका होता. म्हणून चौथा टेक त्याच्या ठोक्याच्या उंबरठ्यापर्यंत चालू दिला, सोळावा त्याच्या ठोक्याच्या उंबरठ्यावरून सुरू केला. म्हणजे चौथ्याच्या ठोक्याच्या जागी सोळाव्याचा ठोका बसला आणि अलीकडे-पलीकडे ठेका जसाच्या तसा राहिला. ठोक्याच्या दणक्याखाली सांधाही झाकला गेला. थांबणं झालं ०.४२ सेकंदाचं. बाकीच्या टेकमध्ये त्या पाव ते अर्धा सेकंद थांबल्या होत्या, तेव्हा हेही त्यांच्याच सवयीतलं. ते जुळलं नसतं तर अख्खं वाक्य पुन्हा घ्यावं लागलं असतं, किंवा अकराव्यावर समाधान मानावं लागलं असतं.

सोळाव्या टेकपर्यंत अक्का थकून मागे टेकल्या होत्या, माइकपासून वीतभर लांब. त्यामुळे तो तुकडा हळू ऐकू येत होता. तो वाढवला, पण त्याबरोबर मागही वाढला. मग वाढवलेलं बरंचसं परत उतरवलं आणि तो तुकडा किंचित हळूच राहू दिला. शब्दांपेक्षा मागाचा आवाज दोन्हीकडे सारखा राहील याकडे जास्त लक्ष दिलं. शब्द कमीजास्त जोरात बोलतातच, खोलीचा आवाज मात्र मध्येच बदलत नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अक्का सुपात तेंदूची पानं घेऊन बसल्या होत्या. आता विडीवर घर चालत नाही, हाताला सवय म्हणून. ऐकलं, मान हलवली.

"आता बरं चाललंय मग्गम." मग हिशेब सुरू झाला. "अठरा वेळा बोलले मी. घेतलं एक?"

"दोन अर्ध्यांचं एक, अक्का."

"आणि बाकीचं?"

"ठेवलंय माझ्याकडे. फेकत नाही."

"कारखान्यात पण तसंच," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उचललं. "छाट म्हणून बाजूला काढायचे, पैसे द्यायचे नाहीत. पण विड्या ठेवून घ्यायचे."